मोहरे उलटे करून पाहताना

अंबाल्याहून चंदीगडकडे जाणाऱ्या महामार्गावर, झिरकपूरच्या थोडं अलीकडे, डेराबस्सी लागतं. औषधांचे कारखाने, गोदामं, ट्रकांच्या रांगा, अशी ही वस्ती. इथल्या एका कारखान्याच्या तपासणी विभागात मी नोकरी करते. बुद्धिबळाचे जुने लाकडी पट आणि मोहरे पाहण्याचा नाद मला इथेच जडला, आणि त्याला कारण अमृतसर. आज जगभर विकले जाणारे चांगले लाकडी मोहरे बहुतांशी अमृतसरला कातले आणि कोरले जातात. २०१३ साली लंडनच्या कँडिडेट्स स्पर्धेसाठी डॅनियल वील यांनी नव्याने आखलेला संचही तिथल्याच कारागिरांनी घडवला. त्यामुळे आमच्या भागात फाळणीआधीचे विलायती संच आणि त्यांच्या हुबेहूब अमृतसरी नकला, दोन्ही एकाच घरात, कधी एकाच डब्यात सापडतात. कुठला केव्हाचा, हे ठरवताना माझ्या पदरात जे पडलं ते इथे लिहिते.

१. घडण फक्त मागची हद्द दाखवते

आपण स्पर्धेत जे मोहरे पाहतो त्यांना स्टाँटन घडणीचे म्हणतात. नथॅनियल कुक यांनी ती घडण १ मार्च १८४९ रोजी इंग्लंडमध्ये नोंदवली, लंडनच्या जॅक्स कंपनीने ती बाजारात आणली आणि हॉवर्ड स्टाँटन या नामवंत खेळाडूचं नाव तिला मिळालं. म्हणजे स्टाँटन घडणीचा कुठलाही मोहरा १८४९ च्या आधीचा असू शकत नाही. पण तो १८५५ चा, १९३५ चा किंवा परवाच्या दिवाळीत घेतलेला असू शकतो, कारण ही घडण आजतागायत थांबलेली नाही.

हीच गोष्ट बाकीच्या प्रत्येक खुणेला लागू पडते. लाकूड, शिसं, बनात, डिंक, छाप, यातली एकेक खूण एवढंच सांगते की ‘हा मोहरा याच्या आधीचा नाही’. सगळ्या खुणा गोळा करायच्या, त्यातली सर्वांत अलीकडची पकडायची, आणि मग एकच प्रश्न विचारायचा: ही अलीकडची गोष्ट मुळातली आहे की मागाहून केलेल्या दुरुस्तीतली? संचाचं वय ठरवण्याचं जवळजवळ सगळं काम या एका प्रश्नात आहे. लोक उलट करतात. सर्वांत जुनी दिसणारी खूण धरतात आणि बाकीच्या तिच्या मागे ओढतात.

२. हातचं काम म्हणजे जुनं काम, हे पंजाबात चालत नाही

पहिली नजर सगळ्यांचीच घोड्यावर जाते, माझीही. राजा, वजीर, उंट, हत्ती, प्यादी हे सारं खरादावर कातून निघतं. घोड्याचं तोंड मात्र वेगळं कोरून कातलेल्या बुडावर बसवावं लागतं. पूर्ण संचाच्या किमतीत चार घोड्यांचा वाटा निम्म्यापर्यंत जातो. जॅक्सच्या घोड्याचा नमुना पार्थेनॉनच्या शिल्पातल्या, सध्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, सेलीन देवीच्या रथाच्या घोड्यावरून घेतला असं मानतात. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत त्याची मान, जबडा, आयाळीचे काप बदलत गेले. त्यावरून संग्राहकांनी कालखंडांना अँडरसन, मॉर्फी, स्टाइनिट्झ, लास्कर अशी खेळाडूंची नावं दिली आहेत. ही नावं नंतरच्या संग्राहकांनी सोयीसाठी दिलेली. कारखान्यात ती कधी नव्हती. ढोबळ क्रम लावायला ती उपयोगी पडतात, त्यापलीकडे त्यांच्यावर भार टाकू नये.

अडचण अशी की अमृतसरचे कारागीर हेच जुने घोडे समोर ठेवून, हातात पटाशी आणि कानस घेऊन, आजही कोरतात. चारही घोडे एकमेकांपेक्षा किंचित वेगळे आहेत, पटाशीचे काप दिसताहेत, ही लक्षणं म्हणून जुनेपणाची खात्री देत नाहीत. चारही घोडे मिलिमीटरपर्यंत सारखे निघाले तर मात्र ते यंत्राने कापलेले, म्हणजे अलीकडचे, एवढं निश्चित म्हणता येतं.

मी घोड्याचा कोरीवपणा बघण्याआधी त्याची झीज बघते. खेळणारा माणूस घोडा मानेला आणि आयाळीला धरून उचलतो. खऱ्या जुन्या घोड्याचे काप तिथे बोथट झालेले असतात आणि जबड्याखाली, कानांच्या मागे, जिथे बोट पोचत नाही तिथे धारदार राहिलेले असतात. नकली जुनेपणा आणताना पॉलिश-कागद सगळीकडून सारखा फिरतो आणि गडद रंग प्रत्येक खाचेत सारखा भरला जातो. अमृतसरच्या एका कारखान्यात मला एका वयस्क कारागिराने हे स्वतःच दाखवलं. ‘भैणजी, आम्ही रंग देतो, हात देऊ शकत नाही,’ असं तो म्हणाला. तिथे हे संच नवे म्हणूनच विकले जातात, त्यात लपवाछपवी काही नाही. ती पुढे दुसऱ्या-तिसऱ्या हातात गेल्यावर सुरू होते.

३. खरी माहिती बुडाखाली असते

मोहरा उलटा करावा. खाली हिरवी बनात चिकटवलेली असते, तिच्या आत वजन. जुन्या चांगल्या विलायती संचांत बूड पोकळ करून त्यात शिसं बसवत. उंच मानेचा राजा हलक्या धक्क्याने लवंडू नये म्हणून हे वजन. वजन घातलेले आणि न घातलेले, असे दोन्ही प्रकार सुरुवातीपासून विकले जात, त्यामुळे हलका संच म्हणजे हलक्या दर्जाचा असं समजू नये. आजच्या दुकानात ‘ट्रिपल वेटेड’ म्हणून जे सांगतात त्याला कसलंही ठरलेलं माप नाही, तो फक्त विकणाऱ्याचा शब्द.

इथे पहिलं हत्यार लोहचुंबक. शिसं चुंबकाला ओढत नाही, लोखंड ओढतं. अलीकडच्या बऱ्याच संचांत लोखंडाच्या चकत्या किंवा नट घातलेले असतात, आणि बनात न उचकटता ते कळतं. छोटा पण जोरदार चुंबक दोऱ्याला बांधून बुडाजवळ नुसता लटकवायचा. तो वळला तर आत लोखंड. संचातले सगळे बत्तीस मोहरे तपासावेत, एक-दोन तपासून थांबू नये, कारण बदललेले मोहरे इथेच उघडे पडतात. चुंबक वळला नाही म्हणजे जुनंच असं मात्र नाही. शिसं आजही वापरतात.

दुसरं हत्यार म्हणजे नोटा तपासायचा अतिनील किरणांचा टॉर्च. दुसऱ्या महायुद्धानंतर कापड, दोरा आणि कागद पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून त्यात चकाकी आणणारी रसायनं सर्रास येऊ लागली. अंधारात टॉर्च मारला की अशा कापडाचे तंतू निळसर पांढरे चमकतात. जुनी लोकरी बनात निस्तेज राहते. पण कोणी ती डिटर्जंटने पुसली असेल तर जुनी बनातही चमकेल, म्हणून कडेचा आणि मधला भाग वेगवेगळा पाहावा.

तिसरी खूण कोपऱ्यातून सुटलेल्या बनातीखाली मिळते. जुना सरस तपकिरी, काचेसारखा ठिसूळ असतो आणि कोमट पाण्याच्या बोळ्याने मऊ पडतो. फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद वाळल्यावर लवचिक, पारदर्शक पापुद्रा सोडतो. आपल्याकडे फेव्हिकॉल १९५९ साली आला. असा पापुद्रा दिसला की ही बनात त्यानंतर चिकटवलेली, असं आपल्या घरातल्या संचाबाबत धरून चालायला हरकत नाही. आणि बनात कुठल्याही संचात सर्वांत आधी झिजणारी, सर्वांत आधी बदलली जाणारी गोष्ट. म्हणून नव्या बनातीवरून आख्खा संच नवा ठरवू नये.

बुडातल्या शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ती फुंकू नये, खरवडू नये. बंद लाकडी डब्यात, विशेषतः ओकच्या, लाकडातून आम्लाची वाफ सुटते आणि तिने शिसं गंजून ही भुकटी होते. ती विषारी असते. गंजलेलं शिसं फुगतं आणि कधी कधी बूड आतून फोडतं. हातमोजे घालून मोहरा पिशवीत ठेवावा आणि डबा बदलावा.

४. लाकूड गोल राहत नाही

ही माझी सर्वांत आवडती तपासणी, आणि तिला फक्त व्हर्निअर लागतो. लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखं आकसत नाही. वर्षवलयांच्या रेषेला धरून ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच वलयांना आडवं, म्हणजे गाभ्याकडून सालीकडे, आकसतं. म्हणून खरादावरून अगदी गोल उतरलेला मोहरा काळाने किंचित लंबगोल होतो. बुडाचा व्यास दोन काटकोनी दिशांनी मोजावा. मोठ्या राजाच्या बुडात तीन-चार दशांश मिलिमीटरचा फरक सहज मिळतो. मग बूड भिंगाखाली धरून वलयं कुठल्या दिशेला जातात ते पाहावं. कमी भरलेला व्यास वलयांच्या रेषेत असेल तर फरक आकसण्याचा. तसं नसेल तर तो कातणाऱ्या हाताचा किंवा झिजेचा.

याची मर्यादा आमच्याच हवेने मला शिकवली. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, नीट न मुरलेल्या लाकडातून कातलेला मोहरा पुढच्या मे महिन्याच्या लूमध्ये ठेवला तर एका वर्षात लंबगोल होतो. त्यामुळे लंबगोल असणं हा पुरावा दुय्यम. पण जुना म्हणून सांगितलेला मोहरा दोन्ही दिशांनी तंतोतंत गोल भरला तर मी सावध होते.

काळ्या मोहऱ्यांत याच आकसण्याने तडे जातात. आबनूस आकसतो, त्याच्या पोटातलं शिसं आकसत नाही, आणि बुडाच्या कडेपासून आत जाणारी एक रेघ उमटते. जुन्या आबनुशी राजा-वजिरांत ही रेघ इतकी नेहमीची आहे की ती भरून टाकण्यापेक्षा तशीच राहू द्यावी.

५. काळा मोहरा कुठल्या लाकडाचा, हे आधी ठरवा

पांढरी बाजू बहुधा बॉक्सवुडची. हे बारीक पोताचं लाकूड जुनं झालं की मधाळ पिवळं होतं. त्याचाच हिमालयातला भाऊबंद म्हणजे राजौरीकडची चिकरी, जिचे कंगवे आणि चमचे तिकडे कोरतात. नुसत्या डोळ्यांनी ही दोन वेगळी ओळखता येतात असा दावा मी करणार नाही. काळी बाजू जास्त बोलकी असते. चांगल्या विलायती संचांत तिथे आबनूस, स्वस्त संचांत काळं रंगवलेलं पांढरं लाकूड, आणि आमच्याकडच्या संचांत फार वेळा शिसम. शिसमात तपकिरी-सोनेरी रेघा आणि भिंगाखाली उघडी छिद्रं दिसतात. आबनूस जवळजवळ निर्लेप काळा आणि हाताला जड. रंगवलेल्या मोहऱ्याची कड कुठेतरी टवकलेली असतेच. त्या टवक्यात फिकट लाकूड दिसलं की प्रश्न मिटला.

६. एक संच, सगळ्या खुणांसकट

कारखान्यातल्या एका सहकाऱ्याने घरचा संच आणला. आजोबा लाहोरला कारकून होते, फाळणीत अंबाल्याला आले, तेव्हा हा संच बिछान्यात गुंडाळून आणला असं घरात सांगत. घरातल्या लहानांना तो शे-दीडशे वर्षांपूर्वीचा आणि जॅक्सचाच वाटत होता.

राजाची उंची ८९ मिलिमीटर भरली, म्हणजे साडेतीन इंच. ही विलायती संचांची जुनी प्रचलित उंची. आज स्पर्धेसाठी फिडे ९५ मिलिमीटरच्या आसपासचा राजा सुचवते आणि अमृतसरहून पावणेचार इंची संच भरपूर निघतात, म्हणून ९५ भरले असते तर मी तिथेच थबकले असते. पांढऱ्या राजाच्या बुडाचा व्यास एकीकडे ४०.६ आणि दुसरीकडे ४०.१, कमी माप बरोबर वलयांच्या रेषेत. काळा राजा आबनुशी, बुडाला तडा, तड्यातून करडं शिसं दिसत होतं. घोड्यांच्या माना चकचकीत, जबड्याखाली पटाशीची धार शाबूत.

मग चुंबक. एकोणतीस मोहऱ्यांशी तो स्वस्थ लटकला. दोन काळी प्यादी आणि एक पांढरा घोडा यांच्याकडे वळला. त्या तिघांची बनात टॉर्चखाली चमकली, बाकीच्यांची नाही. प्याद्यांच्या कडेच्या टवक्यात काळ्या रंगाखाली तपकिरी शिसम होता. घोडा जोडीदाराशेजारी ठेवला तर तोंड चांगलं जुळवलेलं, पण बूड दोन्ही दिशांनी सारखं गोल. तीन मोहरे केव्हातरी हरवले होते आणि कोणीतरी अमृतसरी हाताकडून बदलून घेतले होते.

जॅक्सचा प्रश्न छापावर गेला. जॅक्सच्या संचांत पांढऱ्या राजाच्या बुडाच्या कडेला कंपनीचं आणि लंडनचं नाव दाबून उमटवलेलं असतं. अनेक संचांत राजाच्या बाजूचा हत्ती आणि घोडा यांच्यावर छोटा मुकुट असतो, कारण त्या काळच्या इंग्रजी नोंदीत राजाचा घोडा आणि वजिराचा घोडा वेगळे लिहावे लागत. या संचात यातलं काही नव्हतं, झिजून गेल्याची खूणही नव्हती. स्टाँटन घडण पुढे इतर कारखान्यांनीही उचलली, म्हणून मी त्यांना लिहून दिलं ते असं: इंग्लंडमध्ये केलेला, कारखाना अज्ञात, साधारण १८९० ते १९३० या दरम्यानचा, तीन मोहरे नंतरचे. हा चाळीस वर्षांचा पट्टा सहकाऱ्याला मोठा वाटला. पण लेबल नाही, पावती नाही, छाप नाही, अशा संचाला त्याहून बारीक तारीख देणारा माणूस अंदाजाला तारखेचा अंगरखा चढवतो, असं माझं स्पष्ट मत आहे. लाहोरची गोष्ट या काळाशी जुळते. ती खरी ठरली असं मी म्हटलं नाही, खोटी ठरवणारं काही मिळालं नाही एवढं सांगितलं.

छापाबद्दल एक सांगायचं राहिलं. दाबून उमटवलेल्या छापात लाकडाचे तंतू चेपलेले दिसतात आणि खोली अक्षरागणिक थोडी बदलते. लेझरने काढलेल्या छापाचा तळ करपलेला, तपकिरी, आणि खोली एकसारखी. दहापट भिंग पुरतं.

७. हाड की हस्तिदंत, आणि कायदा

कोरीव संचांची गोष्ट वेगळी. बंगालमधल्या मुर्शिदाबाद-बहरामपूरकडे हत्ती-अंबारी, शिपाई, कंपनीचे गोरे असे आकृतींचे संच कोरले जात. ते बहुधा साहेबांच्या दिवाणखान्यासाठी. खेळायला ते अवघड, चटकन लवंडणारे. तिथे स्टाँटनसारखी एक ठरलेली तारीख हाताशी नसते आणि तीच घडण पिढ्यान्‌पिढ्या चालते, म्हणून मी त्यात आधी फक्त साहित्य ओळखते.

बुडाची कापलेली बाजू भिंगाखाली धरावी. हाडात बारीक काळपट ठिपके आणि लांबीच्या बाजूने तुटक रेघा दिसतात. त्या जिवंतपणी रक्त वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या खुणा. हस्तिदंतात ठिपके नसतात, एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. हत्तीच्या दातात कडेजवळ या रेषांचा कोन विशाल असतो, तर हिमयुगातल्या मॅमथच्या दातात तो लघुकोन असतो. सेल्युलॉइडमध्ये यातलं काहीच नसतं, फार तर नकली समांतर पट्टे. अंगठ्याने जोरात घासलं तर कापराचा वास येतो. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी युक्ती कोणी सुचवली तर ऐकू नका. सेल्युलॉइड भडकन पेटतं.

हस्तिदंत निघालं तर पुढचा प्रश्न किमतीचा उरत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात १९८६ साली दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचाही. कोरणारे हात त्यानंतर उंटाच्या हाडाकडे आणि लाकडाकडे वळले. त्यामुळे कोरीव उंटहाडी संच समोर आला की तो या दशकांनंतरचा असण्याची शक्यता मी आधी धरते, जरी हाड त्याआधीही वापरात होतंच. घरात वडिलोपार्जित हस्तिदंती मोहरे असतील तर ते विकता येत नाहीत, ‘पुरातन आहेत’ म्हटल्याने सूट मिळत नाही, आणि जवळ ठेवण्यासाठी वन्यजीव खात्याचं मालकीचं प्रमाणपत्र लागतं. दाखवायला आणणाऱ्यांना मी हे मोहरा हातात घेण्याआधीच सांगते.

८. नव्या मोहऱ्यावर नवेपणा लिहून ठेवा

त्या लाहोरी संचाचे तीन बदली मोहरे काढून टाकू नका, असं मी सांगितलं. संच त्यांच्यामुळे खेळण्याजोगा राहिला. फक्त बनातीच्या कडेला, सुटलेल्या जागी, लाकडावर मऊ शिसपेन्सिलीने ‘बदली’ एवढं लिहिलं, आणि एका कागदावर बत्तीसही मोहऱ्यांची उंची, दोन व्यास, वजन, चुंबकाचा निकाल लिहून डब्याच्या झाकणात ठेवला. अमृतसरला कोणी हरवलेलं प्यादं बनवून घेणार असेल तर कारागिराला लोखंड न घालता शिसं घालायला सांगू नये. उलट लोखंडच घालून घ्यावं. वजन जुळवता येतं, पटावर फरक कळत नाही, आणि पन्नास वर्षांनी हा संच ज्याच्या हातात पडेल त्याला चुंबकाने दोन मिनिटांत खरा हिशेब मिळेल.